मोडका फळा एका परिच्छेदात, नोंदी सविस्तर

प्रश्न : «मी नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लहान मुलांना निजवून उंची मोजण्याचा आमचा फळा पावसाळ्यात खराब झाला, पायाकडची पाटी हलते. ऑगस्टपासूनच्या उंचीच्या नोंदी मला बरोबर वाटत नाहीत. मुख्यसेविका मॅडमना पत्र द्यायचे आहे, पण ‘नोंदी चुकीच्या का लिहिल्या’ असे माझ्यावरच येईल याची भीती वाटते. पत्र कसे लिहू?»

ताई, मी अनेक वर्षे मुख्यसेविका म्हणून बीट सांभाळले आणि निवृत्तीनंतर नागपुरातच राहते. अशी पत्रे माझ्याकडे बरीच आली. त्यांतील बहुतेक पत्रांचा मजकूर एकच असे : ‘उंचीमापक नादुरुस्त आहे, तरी नवीन मिळावे ही विनंती.’ असे पत्र साहित्याच्या मागणीच्या फायलीला लागते आणि साहित्य येईपर्यंत तेथेच राहते. तुमच्या मनातली खरी अडचण त्यात कोठेही येत नाही. फळा ही साहित्याची बाब आहे, तर ऑगस्टपासूनच्या नोंदी ही मुलांची बाब आहे. या दोन्हींवर निर्णय घेणारे लोक वेगळे असतात आणि त्यांची घाईही वेगळी असते. म्हणून फळ्याला एक परिच्छेद द्या आणि उरलेले पत्र नोंदींसाठी ठेवा.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी मात्र एक काम करा. पाटी ‘हलते’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ती किती हलते आणि त्यामुळे आकडा कोणत्या बाजूला जातो, हे तुमच्याच अंगणवाडीत अर्ध्या तासात तपासता येते. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची सरळ नळी साधारण ७० सेंटीमीटर लांबीची कापून आणा आणि दोन्ही टोके काटकोनात कापली आहेत ना, ते पाहा. तिची लांबी पोलादी टेपने मोजा, शिंप्याच्या कापडी टेपने नको, कारण ती वापरून ताणली जाते. पोलादी टेपच्या टोकाची आकडी मुळातच किंचित सैल बसवलेली असते आणि जुन्या टेपमध्ये बहुधा वाकलेलीही असते, त्यामुळे शून्यापासून न मोजता १० सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १० वजा करा.

आता नळी फळ्यावर ठेवा. येथे बहुतेकांची एक चूक होते, माझीही बराच काळ होत असे. नळी फळ्याच्या तळावर आडवी ठेवली की ती सरकत्या पाटीला अगदी खालच्या कडेशी टेकते. पाटी वरून कितीही झुकत असली, तरी खालची कड जागेवरच असते, त्यामुळे आकडा बरोबर येतो आणि आपण ‘फळा ठीक आहे’ असे म्हणून मोकळे होतो. तळाशी केलेल्या या तपासणीतून फक्त मोजपट्टी सरकली किंवा सुटली आहे का एवढेच कळते. झुकणे पकडायचे असेल तर त्याच नळीखाली दोन्ही टोकांना एकेक वीट ठेवून ती सात-आठ सेंटीमीटर वर उचला. नळीचे एक टोक डोक्याकडच्या पाटीला टेकवा आणि मुलाला मोजताना ज्या हाताने, जितक्या जोराने पाटी पुढे ढकलता, तशीच ती ढकला. पाटीला वरच्या बाजूने हात लावला, की सैल पाटी वरून मुलाकडे झुकते. झुकलेल्या पाटीला मुलाच्या पायाची बोटे आधी लागतात, टाच मागे राहते आणि आकडा मात्र पाटीच्या बुडाशी वाचला जातो. म्हणून मूल आहे त्यापेक्षा लांब भरते. दोन्ही प्रकारे तीन-तीन वेळा मोजा आणि आलेले सहाही आकडे लिहून ठेवा.

या सहा आकड्यांवर पुढचे सगळे अवलंबून आहे. वर उचललेल्या नळीचा आकडा प्रत्येक वेळी सारखाच चुकत असेल, उदाहरणार्थ दर वेळी एक सेंटीमीटर जास्त येत असेल, तर चूक ठरावीक आहे. मोजपट्टी सरकून पुन्हा चिकटवली असेल तर असे होते. तीन वेळा तीन वेगळे आकडे आले, तर चूक हाताच्या जोरावर बदलते. तुम्ही सांगता त्यावरून तुमच्याकडे हा दुसरा प्रकार असावा, आणि तसे असेल तर जुन्या नोंदींमधून ठरावीक आकडा वजा करून त्या सुधारता येत नाहीत. पत्रात हे स्पष्ट लिहावे लागेल, कारण ‘एक सेंटीमीटर कमी करून टाका’ असे तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवील.

हे एका मुलाच्या नोंदींवर पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे रजिस्टर मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. मुलगा जूनमध्ये १४ महिन्यांचा आहे. त्याची उंची जूनमध्ये ७२.८, जुलैमध्ये ७३.७, ऑगस्टमध्ये ७५.९, सप्टेंबरमध्ये ७५.३ आणि ऑक्टोबरमध्ये ७७.६ सेंटीमीटर लिहिलेली आहे. दुसऱ्या वर्षात मूल वर्षाला साधारण बारा सेंटीमीटर वाढते, म्हणजे महिन्याला सुमारे एक. जून ते जुलै ०.९ ही वाढ पटण्यासारखी आहे. त्यानंतर एका महिन्यात २.२ वाढ झाली, पुढच्या महिन्यात मूल चक्क ०.६ ने घटले, आणि मग पुन्हा २.३ वाढले. वजन आजारपणात घटते, उंची घटत नाही. म्हणजे नोंदी ऑगस्टपासून संशयास्पद आहेत आणि जुलैपर्यंतच्या बहुधा ठीक आहेत. फळा नेमका कधी बिघडला हे आठवत नसले तरी रजिस्टर ते सांगते, मात्र एका मुलावरून ठरवू नका. दोन वर्षांखालील चार-पाच मुलांच्या नोंदी याच रीतीने पाहा आणि बहुतेकांची उडी कोणत्या महिन्यात सुरू होते ते शोधा.

हाच मुलगा ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावच्या चांगल्या फळ्यावर मोजला आणि तो ७६.४ भरला, असे समजा. जुलैपासून दरमहा ०.९ वाढ धरली, तर ऑगस्टमध्ये तो ७४.६ आणि सप्टेंबरमध्ये ७५.५ असायला हवा होता. म्हणजे ऑगस्टमध्ये आपली नोंद १.३ ने जास्त, सप्टेंबरमध्ये ०.२ ने कमी आणि ऑक्टोबरमध्ये १.२ ने जास्त आहे. आता सगळीकडे १.२ वजा करून पाहा : ऑगस्ट ७४.७ होतो आणि सप्टेंबर ७४.१, म्हणजे मूल पुन्हा घटतेच. दुरुस्तीच्या नावाखाली आपण एका चुकीच्या आकड्याच्या जागी दुसरा चुकीचा आकडा लिहिलेला असतो, आणि आता तो आपल्या हाताने लिहिलेला असतो.

एवढ्याशा फरकाने काय होते, हे पत्रात एका वाक्यात तरी सांगा, नाहीतर ‘सेंटीमीटरभराचा फरक तर आहे’ म्हणून विषय संपतो. दीड वर्षाच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांत बुटकेपणाची सीमारेषा ७६.९ सेंटीमीटरला आहे. तुमच्या फळ्यावर तो ७७.६ भरला म्हणून सामान्य ठरला. चांगल्या फळ्यावर ७६.४ भरला, म्हणजे तो बुटकेपणाच्या गटात आहे. उंचीनुसार वजन पाहताना हीच चूक उलट दिशेने जाते. उंची सेंटीमीटरने वाढली की या वयात अपेक्षित वजनही साधारण २०० ते २५० ग्रॅमने वाढते, त्यामुळे काठावरचे मूल कागदोपत्री उगाच मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या गटात, जाऊ शकते. म्हणजे एकाच मोडक्या पाटीमुळे बुटकी मुले लपतात आणि बारीक मुले जास्त दिसतात. बीटमधील सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची, संख्या अचानक का वाढली, असा प्रश्न तुमच्या मॅडमना वरून विचारला गेला असेल, तर त्याचे एक कारण तुमच्या पत्रात सापडू शकते. याच कारणासाठी त्या पत्र लक्षपूर्वक वाचतील, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणते.

आता तुमच्या भीतीविषयी. एका सेविकेच्या रजिस्टरमध्ये मी असाच वर-खाली जाणारा आलेख पाहिला आणि तिने आकडे मनाने लिहिले असे समजून तिला मासिक बैठकीत सर्वांसमोर बोलले. नंतर केंद्रावर गेले तेव्हा पाटीचा एक स्क्रूच नव्हता. मनाने लिहिलेले आकडे असे नसतात, हे मला त्या दिवशी उमगले. मनाने लिहिणारी बाई दर महिन्याला नेमका अर्धा किंवा एक सेंटीमीटर वाढवते, तिच्या आकड्यांच्या शेवटी शून्य किंवा पाच असतो आणि तिच्या नोंदीतले मूल कधी घटत नाही. ज्या रजिस्टरमध्ये मूल ०.६ ने घटलेले दिसते, तेथे कोणीतरी खरोखर मूल निजवून, दिसला तो आकडा लिहिलेला असतो. तुमचे वेडेवाकडे आकडे तुमच्या बाजूचा पुरावा आहेत. म्हणून त्यांच्यावर खाडाखोड करू नका, पांढरी शाई लावू नका. जुना आकडा तसाच ठेवून शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘फळा सैल, संशयित’ एवढे लिहा. ॲपमधील मागील नोंदींचे काय करायचे हा निर्णय कार्यालयाचा आहे, तो पत्रातूनच मागा.

एक अपवाद सांगते. मधल्या एखाद्या महिन्यात फळा हलतो म्हणून तुम्ही मोजलेच नसेल आणि मागचा आकडा पाहून अंदाजे लिहिला असेल, तर तेही पत्रात लिहा. ते लिहिणे जड जाते, पण तो महिना ‘फळ्याची चूक’ म्हणून खपवला, तर फेरमोजणीत तो बाकीच्यांशी जुळत नाही आणि मग तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्याचे पत्र मी पुढीलप्रमाणे लिहिले असते. आकडे तुमचे घाला आणि भाषा तुमच्या कार्यालयाला चालेल तशी ठेवा.

«प्रति, मा. मुख्यसेविका, बीट ______.
विषय : अंगणवाडी केंद्र ______ येथील आडवे उंचीमापक सदोष असल्याबाबत व ऑगस्टपासूनच्या उंचीच्या नोंदी संशयित धरण्याबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, आमच्या केंद्रातील दोन वर्षांखालील मुलांच्या आडव्या उंचीमापकाची पायाकडील सरकती पाटी सैल झाली असून ती वरच्या बाजूने मुलाकडे झुकते. दि. ______ रोजी ७०.० सेंमी लांबीच्या नळीने तपासणी केली. नळी तळाशी ठेवली असता तिन्ही वेळा ७०.० सेंमी वाचन आले. नळी विटेवर ठेवली असता ७१.३, ७०.९ व ७०.२ सेंमी वाचन आले. चूक प्रत्येक वेळी वेगळी येत असल्याने जुन्या नोंदींतून ठरावीक आकडा वजा करून दुरुस्ती करणे शक्य नाही.

नोंदवही तपासली असता ऑगस्टपासून एका महिन्यात दोन सेंमीपेक्षा जास्त वाढ किंवा उंचीत घट झालेली अशी ______ मुले आढळली. त्यांची यादी सोबत जोडली आहे. जुलैपर्यंतच्या नोंदींमध्ये असे आढळले नाही. दोन वर्षांवरील मुलांची उंची उभ्या उंचीमापकावर घेतली जाते व ते सुस्थितीत आहे, त्यामुळे त्या नोंदींबाबत हरकत नाही. नोंदवहीतील मूळ आकडे बदललेले नाहीत.

तरी विनंती की, (एक) यादीतील मुलांची सुस्थितीतील उंचीमापकावर आपल्या उपस्थितीत फेरमोजणी व्हावी, (दोन) ॲपमधील ऑगस्टपासूनच्या उंचीच्या नोंदींबाबत काय करावे याच्या लेखी सूचना मिळाव्यात, (तीन) उंचीमापक दुरुस्त किंवा बदलून मिळावे. तोपर्यंत सर्व मुलांचे वजन व दंडघेर नियमित घेत असून सदोष उंचीमापकाचा वापर दि. ______ पासून बंद केला आहे.

माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.
आपली विश्वासू, अंगणवाडी सेविका, केंद्र ______.
सोबत : मुलांची यादी, उंचीमापकाची दोन छायाचित्रे.»

या पत्रात ‘नोंदी चुकीच्या’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम टाळला आहे आणि ‘संशयित’ म्हटले आहे. फेरमोजणीआधी कोणता आकडा किती चुकला हे तुम्हालाही ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते कबूल करून बसू नये. उभ्या उंचीमापकाचे वाक्यही काढू नका. ते नसेल तर सगळ्या केंद्राच्या नोंदी संशयित ठरतात आणि काम दुप्पट होते. मात्र ते वाक्य लिहिण्यापूर्वी उभे मापकही नळी उभी धरून एकदा तपासा. विनंत्यांमध्ये फेरमोजणी पहिली ठेवली आहे, कारण तिला निधी लागत नाही आणि मॅडम ती पुढच्या भेटीतच करू शकतात. नवे साहित्य मात्र त्यांच्या हातात नसते.

सोबतच्या यादीत मुलाचे नाव, जन्मतारीख, जूनपासूनच्या उंचीचे सर्व आकडे आणि आजचा दंडघेर असू द्या. दंडघेर यासाठी की त्याला उंचीची गरजच नसते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते मूल सॅम आहे, मग फळा मोडका असो की नवा. असे एकही मूल सापडले तर पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी आरोग्य सेविकेला आणि मॅडमना फोन करा.

दरम्यानच्या काळात मोजायचे कसे, हा प्रश्न उरतो. शेजारचे केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर महिन्यातून एक सकाळ त्यांचा फळा मागून घ्या, आणि आणल्यावर आधी तीच नळी त्यावरही ठेवून पाहा. ते शक्य नसेल तर उंचीचा रकाना रिकामा ठेवून वजन आणि दंडघेर लिहा. काही सेविका दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला उभे करून मोजतात. नाइलाज असेल तर चालेल, पण मूल उभे राहिले की निजवलेल्यापेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी भरते, म्हणून दोन वर्षांखालील मुलाच्या उभ्या उंचीत ०.७ मिळवावे लागतात आणि ‘उभे मोजले’ असे शेजारी लिहावे लागते. हे लिहिले नाही, तर नवा फळा आल्यावर मूल एकाच महिन्यात उगाच वाढलेले दिसेल.

फळा स्वतः खिळे ठोकून किंवा डिंक लावून बसवू नका, निदान मॅडमनी पाहण्यापूर्वी तरी नको. पाटी तिरपी पक्की झाली, तर सैल पाटीची बदलती चूक ठरावीक होऊन बसते आणि नळीची जुनी तपासणी निरुपयोगी ठरते. तो जडवस्तू नोंदवहीत तुमच्या नावावर आहे, त्यामुळे टाकूनही देऊ नका. त्यावर ‘वापर बंद’ अशी चिठ्ठी तारखेसह लावून कपाटामागे ठेवा. निर्लेखन कार्यालय करील.

पत्र दोन प्रतींत द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवायला हरकत नाही, पण ते पोचेच्या जागी धरू नका. पुढच्या मासिक बैठकीपर्यंत काही झाले नाही, तर स्मरणपत्रात पहिल्या पत्राची तारीख घालून फक्त फेरमोजणीची विनंती पुन्हा करा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना प्रत मॅडमच्या मार्फतच पाठवा. त्यांना वगळून थेट गेलेले पत्र मीही कधी मनापासून वाचले नाही, हे येथे कबूल करते.

नवा फळा येईल त्या दिवशी, पहिले मूल निजवण्यापूर्वी, नळी तळाशी आणि विटेवर ठेवून सहा आकडे नोंदवहीत लिहा. नळी जपून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा तपासा. पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्याच्या उन्हानंतर तर नक्कीच, कारण लाकडी फळ्याचे स्क्रू आपल्याकडे याच दोन वेळी ढिले होतात असे मी पाहिले आहे.